पाइप पोकळ, बिल भरीव

दहावीच्या भूमितीतला महत्त्वमापनाचा धडा आठवतोय? वृत्तचिती, शंकू, गोल, आणि शेवटी एक उदाहरण पोकळ पाइपचं: बाहेरची त्रिज्या इतकी, आतली इतकी, लांबी इतकी, तर लागणाऱ्या धातूचं घनफळ काढा. आपण ते पाठ केलं, तीन मार्क घेतले आणि विसरलो. मी तर मास कॉमला आल्यावर गणिताला रीतसर निरोपच दिला होता. ते उदाहरण मला परत भेटलं एका भंगारवाल्याच्या काट्यावर.

झालं असं, की आमच्या एकांकिकेच्या सेटमध्ये चाळीची गॅलरी होती. जमिनीपासून पाच फूट उंच, वर एका वेळी तिघं उभे राहणार आणि त्यातले दोघं भांडणार. म्हणजे फळ्या आणि खिळ्यांचं काम नाही, लोखंडी सांगाडा हवा. वेल्डिंग करणाऱ्या दादांनी यादी दिली: २५ एनबी, मीडियम, दहा नग. आम्ही एका दुकानातून आणले. बिलावर तेच लिहिलं होतं, पण भाव नगावर लावला होता. एक पाइप सहा मीटरचा, नगाला १,००८ रुपये. आम्हाला त्यात काही खटकलं नाही. खटकलं दादांना. पहिला पाइप खांद्यावर घेतला आणि म्हणाले, "ताई, हा मीडियम नाय वाटत. हलका आहे."

हलका म्हणजे किती हलका? इथे दहावीचा धडा लागतो.

आधी ते "२५ एनबी" काय ते बघू, कारण पहिली चूक इथेच होते. दुकानात यालाच "एक इंची" म्हणतात. तुम्हाला वाटेल पाइपचा बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर असेल, किंवा निदान आतला तरी. दोन्ही नाही. २५ हे फक्त नाव आहे. या पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे ३३.७ मिलिमीटर असतो. पाणी, गॅस आणि सांगाड्याच्या कामांसाठी वापरल्या जाणाऱ्या या पोलादी पाइपांना आयएस १२३९ हे भारतीय मानक लागू होतं. त्यात तीन वर्ग आहेत: लाइट, मीडियम आणि हेवी. २५ एनबीसाठी भिंतीची जाडी अनुक्रमे २.६, ३.२ आणि ४ मिलिमीटर. गंमत म्हणजे बाहेरचा व्यास तिन्हींचा जवळपास सारखाच राहतो. कारण पाइपच्या टोकाला बाहेरून आटे पाडतात, आणि एल्बो, सॉकेट वगैरे सगळ्यांवर बसायला हवेत. त्यामुळे जाडी वाढली की ती आतल्या बाजूला वाढते आणि पोकळी कमी होते. थोडक्यात, लाइट आणि मीडियम पाइप शेजारी ठेवले तर बाहेरून फरक कळणार नाही. ओळखण्यासाठी टोकाजवळ रंगाचा पट्टा असतो: लाइटला पिवळा, मीडियमला निळा, हेवीला लाल. आमच्या पाइपांवर पट्टाच नव्हता. तेव्हा ते लक्षात यायला हवं होतं, आलं नाही.

आता सूत्र. बाहेरची त्रिज्या R, आतली r, लांबी L:

V = π (R² − r²) L

म्हणजे काय? आधी पाइप भरीव आहे असं समजून पूर्ण दांड्याचं घनफळ काढा, मग पोकळीच्या दांड्याचं काढून वजा करा. एवढंच. पण परीक्षेत निम्मा वर्ग जी चूक करतो ती मीही त्या दिवशी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर केली. मी आधी R मधून r वजा केला आणि मग वर्ग केला. उत्तर आलं दीड किलो. सहा मीटरचा लोखंडी पाइप दीड किलोचा! दादा जो खांद्यावर घेऊन उभे होते तो. या चुकीत असं होतं, की आपण भिंतीच्या जाडीएवढ्या त्रिज्येच्या एका बारीक सळईचं घनफळ काढतो. दुसरी नेहमीची चूक त्रिज्येच्या जागी व्यास टाकण्याची. मग उत्तर चौपट, ५८ किलो येतं, आणि तो पाइप एका माणसाने सहज उचलणं शक्य नाही. दोन्ही चुका हाताच्या अंदाजानेच पकडता येतात, फक्त उत्तर आल्यावर समोरच्या पाइपकडे एकदा बघावं लागतं.

बरोबर हिशेब असा. मीडियम पाइप: बाहेरचा व्यास ३३.७, म्हणून R = १६.८५. जाडी ३.२, म्हणून r = १३.६५. वर्गांच्या वजाबाकीचे अवयव पाडले की काम सोपं होतं:

R² − r² = (R − r)(R + r) = ३.२ × ३०.५ = ९७.६

याला π ने गुणलं की ३०६.६ चौरस मिलिमीटर, म्हणजे ३.०६६ चौरस सेंटिमीटर. पाइप आडवा कापला तर जी कडी दिसते तिचं हे क्षेत्रफळ. लांबी ६०० सेंटिमीटर, म्हणून घनफळ १,८४० घन सेंटिमीटर. पोलादाची घनता ७.८५ ग्रॅम दर घन सेंटिमीटर धरतात. गुणाकार केला की १४.४ किलो.

तोच हिशेब लाइटसाठी करा. R तोच, r होतो १४.२५, अवयव २.६ × ३१.१ = ८०.८६, घनफळ १,५२४ घन सेंटिमीटर, वजन जवळपास १२ किलो. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन पाइपांत असा अडीच किलोचा फरक.

त्या अवयवांवर जरा थांबते, कारण मला हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. R − r म्हणजे भिंतीची जाडी. R + r म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या त्रिज्येच्या सरासरीची दुप्पट, आणि तिला π ने गुणलं की भिंतीच्या बरोबर मधून जाणाऱ्या वर्तुळाचा परीघ मिळतो. म्हणजे आपण पाइप उभा चिरून सपाट पत्रा केला, त्याची रुंदी घेतली, जाडी घेतली आणि गुणलं. आमच्या मीडियम पाइपसाठी ही रुंदी येते ९५.८ मिलिमीटर. आणि यातले बरेचसे पाइप कारखान्यात बनतात ते याच्या उलट वाटेने: पत्र्याची लांब पट्टी घेतात, रोलरमधून वळवत गोल करतात आणि कडा वेल्ड करतात. सूत्र पाठ होत नसेल तर हा पत्रा लक्षात ठेवा, सूत्र आपोआप येतं.

पाइपच्या धंद्यातली माणसं R आणि r च्या भानगडीत पडतच नाहीत. त्यांचा आकडा एकच:

(बाहेरचा व्यास − जाडी) × जाडी × ०.०२४६६ = किलो दर मीटर

व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये घ्यायची. व्यासातून जाडी वजा केली की पत्र्याच्या त्याच मधल्या वर्तुळाचा व्यास मिळतो, आणि ०.०२४६६ म्हणजे π गुणिले ७.८५ भागिले १,०००. आपलंच सूत्र, कामाच्या कपड्यात. मीडियमसाठी ३०.५ × ३.२ × ०.०२४६६, म्हणजे २.४१ किलो दर मीटर. सहा मीटरचे १४.४.

आता आमच्या पाइपांकडे. दादा म्हणाले, जाडी मोजा. व्हर्नियर लावला तर एका टोकाला ३.१, दुसऱ्याला २.८. गोंधळ. कारण कटरने कापलेल्या टोकाला आतल्या बाजूला धार वळलेली असते, तिच्यावर जबडा बसला की जाडी जास्त दिसते. कानशीने धार काढून चार ठिकाणी मोजलं तर खरा आकडा मिळतो, पण तोही फक्त टोकाचा. वजन मात्र अख्ख्या पाइपचा हिशेब देतं. म्हणून चार पाइप दोरीने बांधले आणि कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या मोठ्या काट्यावर आडवे ठेवले. टोकं जमिनीला किंवा भिंतीला टेकता कामा नयेत, नाहीतर वजन कमी दिसतं. लांबीही टेपने मोजली, कारण सहा मीटरचा पाइप दर वेळी नेमका सहाच असतो असं नाही. आमचे होते.

काट्याने दाखवलं ४७.८. चारने भागून ११.९५ किलो, सहाने भागून १.९९ किलो दर मीटर. त्याला ०.०२४६६ ने भागलं तर साधारण ८०.७. आता अशी जाडी शोधायची, की ३३.७ मधून ती वजा करून तिनेच गुणलं तर ८०.७ च्या आसपास यावं. ३ टाकून बघितलं, ९२ आलं. २.५ टाकलं, ७८ आलं. २.६ टाकलं, ८०.८६. लाइट!

थोडं कमी-जास्त चालतं का? चालतं. मीडियमच्या एकेका पाइपला वजनात साधारण १० टक्क्यांची सूट मानकातच आहे, म्हणजे १३ किलोपर्यंत आम्हाला बोलता आलं नसतं. १२ ला ती सबब लागू नव्हती. (गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर जस्ताच्या थरामुळे वजन थोडं वाढतं, तेव्हा हिशेब करताना ते ध्यानात घ्या. आमचे काळे, साधे होते.)

खरेदी किलोवर झाली असती तर फार नुकसान नव्हतं. बारा किलो घेतले, बारा किलोचे पैसे दिले. नगावर भाव लावला की भिंत पातळ झालेली बिलात दिसत नाही. ७० रुपये किलोने १४.४ किलोचे १,००८ होतात आणि १२ किलोचे ८४०. पाइपमागे १६८ रुपये, दहा पाइपांचे १,६८०. वर्गणी काढून बसवलेल्या एकांकिकेसाठी हा आकडा लहान नाही.

पण माझी खरी काळजी गॅलरीची होती. धातू १७ टक्के कमी, मग ताकदही तेवढीच कमी? दादांच्या ओळखीच्या एका इंजिनिअरने हिशेब करून दिला: वाकण्याला विरोध करायची ताकद सुमारे १४ टक्क्यांनी कमी. धातूपेक्षा थोडी कमी घट, कारण गेलेला धातू आतल्या बाजूचा आहे आणि वाकताना सगळ्यात जास्त ताण झेलतो तो बाहेरचा. पाच फुटांवर भांडणाऱ्या दोन नटांना मात्र हे समाधान सांगता येत नाही.

दुकानात गेलो. "मीडियमच आहे, सगळे हेच नेतात," असं ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, "काका, तुमच्याच काट्यावर ठेवा." त्यांनी ठेवला. १२ च्या आत होता. पुढची दहा मिनिटं फार गोड नव्हती, पण बिल लाइटच्या भावाने नव्याने झालं. मीडियम त्यांच्याकडे शिल्लक नव्हता आणि प्रयोग चार दिवसांवर होता. मग परत मिळालेल्या १,६८० रुपयांत दादांनी आणखी दोन लाइट पाइप घ्यायला लावले आणि ते कापून गॅलरीच्या खांबांना तिरपे टेकू दिले. या वेळी बिल हातात घ्यायच्या आधी दोन्ही पाइप मी स्वतः काट्यावर ठेवले. २३.९.