घराभोवतीचे साप : फोटोतली कात, फोटोतली अंडी

पावसाळा जवळ आला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या सर्पमित्रांना दोन प्रकारचे फोटो येऊ लागतात. एकात माळ्यावर किंवा मोरीच्या कोपऱ्यात सापडलेली कात, तर दुसऱ्यात कुंड्यांमागच्या पालापाचोळ्यातली पांढरी अंडी. दोन्हींखाली प्रश्न एकच असतो : साप विषारी आहे का?

या भागात हा प्रश्न बहुतेक वेळा मण्यार आणि कवड्या या जोडीपाशी येऊन अडतो. दोघेही रात्री फिरणारे, गडद अंगावर पांढरट पट्टे मिरवणारे आणि घरात शिरणारे. मण्यारीचं विष जीवघेणं आहे, कवड्या बिनविषारी आहे. जिवंत साप समोर असला तर निदान पट्टे तरी पाहता येतात. कातीत मात्र रंग जवळजवळ उरत नाही, नक्षी उरलीच तर पुसट सावलीसारखी. म्हणून कातीच्या रंगावरून ‘मण्यारच आहे’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

लांबीही फसवी असते. खवल्यांमधली घडीची त्वचाही कातीबरोबर उलगडते, त्यामुळे कात सापापेक्षा बरीच लांब भरते. चार फुटांची कात म्हणजे चार फुटांचा साप नव्हे.

खवल्यांची मांडणी मात्र कातीत जशीच्या तशी उतरते. फ्रँक वॉलने १९०७ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसाठी विषारी साप ओळखण्याचं पुस्तक लिहिलं, तेही खवल्यांच्याच आधाराने. मण्यारीच्या पाठीवर, कण्याच्या रेषेत, षटकोनी खवल्यांची एक ओळ असते आणि ते खवले शेजारच्या खवल्यांपेक्षा स्पष्ट मोठे असतात. कवड्याचे कण्यावरचे खवले बाकीच्यांसारखेच असतात.

पण इथेच थांबलं तर चूक होते. झाडांवरच्या रुक्याच्या पाठीवरही मधली ओळ मोठी असते, मांजऱ्याचीही थोडीफार. म्हणून शेपटीकडे यायचं. गुदद्वाराच्या मागे, शेपटीच्या खालच्या बाजूचे खवले मण्यारीत एकेरी असतात, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड. कवड्या, रुका, मांजऱ्या, धामण आणि नाग यांच्यात तेच खवले दुभागलेले असतात आणि मधून नागमोडी रेघ जाते. फुरशाच्या शेपटीखालचे खवलेही एकेरी असतात, पण त्याच्या पाठीचे खवले खरखरीत, मधोमध उंचवटा असलेले असतात. मण्यारीचे गुळगुळीत असतात.

समजा, डोंबिवलीतल्या एका चाळीतून आलेल्या फोटोत कात वरून टिपली आहे आणि पाठीची मधली ओळ मोठी दिसते. एवढ्यावर ‘मण्यार असू शकते’ इतकंच म्हणता येतं. कात पालथी करून शेपटीखालचा जवळून फोटो मागवला आणि खवले एकेरी, अखंड निघाले, तर उत्तर मण्यार. दुभागलेले निघाले तर मण्यार नाही. साप तोंडापासून कात उलटी करत बाहेर पडतो, त्यामुळे डोक्याचा भाग पुष्कळदा फाटलेला असतो आणि शेपटी धड राहते. आपल्या कामाचा भाग नेमका तोच. कात उलटी असल्याने खवल्यांवरचा उंचवटा खोबणीसारखा दिसू शकतो, हे मात्र लक्षात ठेवावं. आणि तो साप आता घरात आहे की महिन्यापूर्वीच निघून गेला, हे कात सांगत नाही.

अंड्यांकडून इतकी अपेक्षा ठेवता येत नाही. पालीची अंडी छोटी, गोलसर आणि टणक असतात, ती लगेच वेगळी काढता येतात. सापाची लांबट, चामड्यासारख्या मऊ कवचाची आणि अनेकदा एकमेकांना चिकटलेली असतात. सापाचीच आहेत हे ठरलं, तर एक गोष्ट खात्रीने बाद होते : घोणस आणि फुरसे आपल्याकडे अंडी घालत नाहीत, थेट पिल्लांना जन्म देतात. नाग, मण्यार, धामण, कवड्या, विरोळा हे सगळे यादीत राहतात. आकारावर भिस्त ठेवता येत नाही, कारण अंडी ओलावा शोषून फुगतात आणि कोरडी पडली की चेपतात. पन्नास-साठ अंड्यांचा ढीग विरोळ्याकडे बोट दाखवतो, दहा-बारा अंडी मात्र कोणाचीही असू शकतात.

फोटोसाठी अंडी उलटीपालटी करू नयेत, आतला जीव दगावू शकतो. ती हलवायची वेळ आलीच तर वन विभागाला कळवावं, कायद्यानेही ते आवश्यक आहे.

अंडी फुटून गेली असतील तर आसपास बारीक काती शोधाव्यात. पिल्लं काही दिवसांतच पहिली कात टाकतात, आणि खवल्यांची संख्या व मांडणी जन्मापासून मरेपर्यंत बदलत नाही. त्या बारीक कातीची शेपटी खालून, भिंगातून टिपली, तर अंड्यांवरून न लागलेलं उत्तर तिथे मिळू शकतं.