भिंत आपली, पाय दुसऱ्याचा

घराचा विमा उतरवताना आपण आग, वीज, पूर आणि चोरी एवढ्यांचाच विचार करतो. आपल्या घरामुळे दुसऱ्याचा हातपाय मोडला तर काय, हे एजंटला सहसा कोणी विचारत नाही. तोही आपणहून सांगत नाही.

पावसाळ्यात मातीत बांधलेल्या दगडी भिंतीला पोट येते. तिच्या कडेने वाट असेल तर कायदा कसा बघतो, ते मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या १९५८ सालच्या एका निकालावरून कळते. पावसात भिंत पडून दोन मुले दगावली. हा देवाचा कोप, त्याला मी काय करणार, असे मालकाचे म्हणणे होते. त्या दिवशी पाऊस झाला होता २.६६ इंच. पावसाळ्यात एवढा पाऊस व्हायचाच, भिंत तो सोसेल अशी ठेवणे मालकाचे काम, असे सांगून न्यायालयाने त्याची सबब फेटाळली. पुढे १९६६ साली सर्वोच्च न्यायालयानेही दिल्लीच्या चांदणी चौकातला जुना घड्याळ मनोरा पडून माणसे मेली त्या खटल्यात, रस्त्यालगतच्या इमारतीची जबाबदारी मालकाचीच, असे ठरवले. मनोरा नगरपालिकेचा होता, एवढाच काय तो फरक.

अशी भरपाई देण्याची वेळ आली तर विमा कंपनीने ती द्यावी, यासाठी जे कलम असते त्याला 'पब्लिक लायबिलिटी', म्हणजे त्रयस्थाविषयीची जबाबदारी, म्हणतात. २०२१ पासून सर्व कंपन्या विकतात ती 'भारत गृह रक्षा' पॉलिसी चांगली आहे, पण ती घर आणि सामान यांच्यासाठी. हे कलम तिच्या मूळ मजकुरात नाही. ते 'हाऊसहोल्डर्स पॅकेज' नावाच्या पॉलिसीत मिळते, तेही वेगळा हप्ता भरून मागितले तरच. म्हणून आपला कागद काढून तेवढा शब्द शोधावा.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. ग्रामपंचायतीच्या ठेकेदाराचा मजूर गल्लीत नळाची चारी खणत असताना सर आली. तो तुमच्या भिंतीच्या आडोशाला उभा राहिला आणि भिंत ढासळून त्याची नडगी मोडली. दवाखान्याला ९० हजार रुपये लागले. ५०० रुपये रोजाप्रमाणे ९० दिवसांची मजुरी बुडाली, ती ४५ हजार. सोसलेल्या त्रासाबद्दल न्यायालयाने २५ हजार धरले. बेरीज १ लाख ६० हजार. पॉलिसीची मर्यादा २ लाखांची आणि पहिले ५ हजार तुमचे तुम्ही सोसायचे अशी अट असेल, तर कंपनी १ लाख ५५ हजार देईल. मर्यादा १ लाखाची असती तर वरचे सगळे तुमच्याच अंगावर आले असते.

खरी मेख पुढे आहे. हाच मजूर तुम्ही स्वतः रोजाने भिंत दुरुस्त करायला लावला असता तर तो त्रयस्थ राहत नाही, तुमचा कामगार ठरतो, आणि या कलमातून छदामही मिळत नाही. कामगारांच्या भरपाईचे कलम निराळे असते, ते निराळे घ्यावे लागते. दावा इथे अडू शकतो. घरातल्या माणसांची दुखापतही यात बसत नाही. ट्रॅक्टरने कोणी जखमी झाला तर तो ट्रॅक्टरच्या विम्याचा प्रश्न. आणि ओसरीवर पिठाची गिरणी किंवा दूध संकलन असेल तर 'धंदा' म्हणून कंपनी हात वर करू शकते. गोठा आणि खळे घरात मोडतात की धंद्यात, हे पॉलिसी घेतानाच लेखी विचारून ठेवावे. तोंडी 'सगळं येतं हो' याला किंमत नाही.

अपघात झालाच तर आधी माणसाला दवाखान्यात पोचवा. तसे केल्याने दोष आपल्या माथी येत नाही. पण 'चूक माझी, सगळा खर्च मी देतो' असे लिहून देऊ नका. कंपनीच्या संमतीशिवाय दिलेली कबुली हे दावा नाकारायला कारण होते. गावात चार लोक बसून लगेच तडजोड करायची आपली रीत आहे. ती बिचारी चांगल्या मनानेच होते, पण कंपनीला कळवण्याआधी आकडा कबूल करू नये. दगड उचलण्यापूर्वी फोटो काढावेत, त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी, आणि वकिलाची नोटीस आली तर ती फडताळात न ठेवता लगेच पुढे पाठवावी. माणूस दगावला तर त्याच्या वारसांना १८५५ च्या कायद्याखाली दावा लावायला दोन वर्षे असतात, तेव्हा सहा महिने कोणी काही बोलले नाही म्हणजे प्रकरण मिटले असे नव्हे.

पॉलिसीत आणखी एक अट असते, मालकाने वाजवी काळजी घेतल्याची. भिंत धोक्याची आहे अशी ग्रामपंचायतीची नोटीस येऊनही तिच्याकडे दुर्लक्ष केले असेल, तर हप्ते वेळेवर भरूनही कंपनी दावा नाकारू शकते. भिंतीच्या माथ्यापासून ओळंबा सोडून बघा. मधला फुगवटा दरवर्षी वाढत असेल, पायथ्याची माती धुपली असेल किंवा पन्हाळीचे पाणी तिथेच पडत असेल, तर मृगाआधी भिंत उतरवून घ्यावी. आणि उतरवायला गडी लावाल त्या दिवसापूर्वी कामगारांचे ते निराळे कलम घेतलेले असावे.