परक्याच्या निवाड्याचा आसरा

आगाऊ निर्णयाची, म्हणजे ॲडव्हान्स रूलिंगची, बातमी वर्तमानपत्रात झळकली की व्यापारी मंडळींमध्ये दोन तऱ्हेची बोलणी हटकून ऐकू येतात. निवाडा सोयीचा असेल तर 'आता प्रश्न मिटला, आपणही याच दराने बिल करू', आणि गैरसोयीचा असेल तर 'आता देशभर हाच दर झाला'. दोन्ही विधाने सारखीच चुकीची आहेत. आणि नवल हे की, केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, 2017 च्या कलम 103 मध्ये याचे उत्तर इतक्या स्वच्छ शब्दांत दिलेले असताना ते वाचण्याची तसदी सल्लागार म्हणवणारेही पुष्कळदा घेत नाहीत. त्या कलमाप्रमाणे असा निर्णय केवळ अर्जदारावर, आणि त्या अर्जदारापुरता संबंधित कर अंमलदारावर, बंधनकारक असतो. तिसऱ्या इसमाशी त्याचे काहीही देणेघेणे नसते.

पराठ्याचेच उदाहरण घ्या. 2018 मध्ये महाराष्ट्राच्या प्राधिकरणाने एका अर्जदाराच्या पराठ्यावर 5 टक्के कर लागतो असे ठरविले; 2020 मध्ये कर्नाटकाच्या प्राधिकरणाने दुसऱ्या अर्जदाराच्या परोट्याला, तो खाण्यापूर्वी तव्यावर गरम करावा लागतो म्हणून, पोळीच्या पंक्तीतून उठवून 18 टक्क्यांच्या पानावर बसविले; आणि केरळात 18 टक्क्यांचा निर्णय मिळालेला अर्जदार उच्च न्यायालयात गेला तेव्हा 2024 मध्ये त्याला 5 टक्क्यांचा दर मिळाला. एकाच अधिनियमाखाली, जवळजवळ एकाच पदार्थाविषयी, निरनिराळी उत्तरे! प्राधिकरण हे न्यायालय नव्हे. केंद्राचा एक आणि राज्याचा एक असे कर खात्याचेच दोन अधिकारी तेथे बसतात, आणि एका राज्याच्या प्राधिकरणाचे मत दुसऱ्या राज्याच्या प्राधिकरणाला मानावेच लागते असे नाही.

आता समजा, सांगलीच्या एखाद्या गोठविलेल्या पराठ्यांच्या उत्पादकाने 2018 च्या त्या निवाड्यावर विसंबून, स्वतः अर्ज न करता, तीन वर्षे 5 टक्क्यांनी बिले केली आणि त्याची विक्री दरसाल 50 लाखांची आहे. पुढे 18 टक्क्यांच्या हिशेबाने नोटीस बजावली गेली आणि ती टिकली, तर 13 टक्क्यांचा फरक वर्षाला साडेसहा लाख, तीन वर्षांचे साडेएकोणीस लाख होतात. त्यावर दरसाल 18 टक्के व्याज आणि दंडाचा तगादा निराळा. गिऱ्हाइकांनी पराठे केव्हाच खाऊन संपविलेले असल्यामुळे हा फरक त्यांच्याकडून वसूल होण्याची आशा नाही. परक्या निवाड्याचा त्याला लाभ होईल तो एवढाच की, कर चुकविण्याचा आपला हेतू नव्हता, दरासंबंधी प्रामाणिक मतभेदाला जागा होती, असे आपल्या कैफियतीत त्याला सांगता येईल. त्यामुळे हेतुपुरस्सर करचुकवेगिरीच्या जबर दंडातून कदाचित तो सुटेल. मूळ करातून नव्हे.

हे टाळावयाचे तर अर्ज स्वतःच्या नावे हवा. त्याचे शुल्क केंद्रीय कायद्याखाली 5,000 आणि राज्याच्या कायद्याखाली 5,000 रुपये आहे, आणि निर्णयाची मुदत 90 दिवसांची. परंतु नोटीस हाती पडल्यावर धावाधाव करणाऱ्याला हा मार्ग बंद असतो, कारण तोच प्रश्न अर्जदाराच्या कोणत्याही कार्यवाहीत प्रलंबित असेल किंवा निकालात निघाला असेल तर अर्ज दाखलच करून घेतला जात नाही.

निर्णय हाती आला म्हणजे तो कायमचा झाला, हेही खरे नव्हे: अर्जदाराप्रमाणे खात्याचा अधिकारीही 30 दिवसांत अपील करू शकतो.

वस्तुस्थिती दडवून मिळविलेला निर्णय आपले रक्षण करील असे मानणाऱ्यांनी कलम 104 पाहावे. सुनावणी देऊन असा निर्णय आरंभापासूनच शून्य ठरविता येतो, आणि मधला काळ नोटिशीच्या मुदतीतून वगळला जातो, म्हणजे खात्याचा एक दिवसही वाया जात नाही. म्हणून मालाचे घटक, वेष्टन, विक्रीची रीत हे सारे अर्जात जसे आहे तसे लिहावे. उद्या पिठाबरोबर सारण आले तर वस्तुस्थिती बदलली, आणि तेथे जुन्या निर्णयाचे बंधन संपते.

परिपत्रकांविषयीही असाच एक भ्रम आहे. मंडळाचे परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. ते खात्याच्या अंमलदारांना बांधते, न्यायालयाला नाही, आणि कायद्याच्या विरुद्ध जाणाऱ्या परिपत्रकाला कायद्यात अस्तित्वच नसते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2008 मध्ये रतन मेल्टिंग खटल्यात सांगून ठेवले आहे.

22 सप्टेंबर 2025 पासून पराठा-परोटा करमुक्तच झाल्यामुळे त्या तारखेपासूनच्या विक्रीला वरील कोणताही निवाडा लागू पडत नाही. त्यापूर्वीच्या विक्रीचा हिशेब मात्र जुन्याच दरांनी व्हावयाचा आहे.