बोटांचं काम पायाला

गेमचा कंट्रोलर दोन्ही हातांत धरायचा, अंगठ्यांनी दोन काड्या फिरवायच्या आणि तर्जनींनी मागचे ट्रिगर दाबायचे, अशी त्याची रचना असते. समजा, पक्षाघातानंतर एखाद्याचा उजवा हात चालत नाही आणि त्याला 'फोर्झा होरायझन 5' मध्ये गाडी पळवायची आहे. वळवण्याची काडी डाव्या अंगठ्याखाली आहे, ते जमतं. पण वेग देणारा ट्रिगर नेमका उजव्या बोटाखाली येतो.

पहिला उपाय फुकटातला आहे. सेटिंगमध्ये जाऊन वेगाचं काम डाव्या बाजूच्या बटणाला द्यायचं. मात्र बदल कन्सोलच्या सेटिंगमध्ये केला, तर पडद्यावरच्या सूचना जुन्याच बटणाचं नाव दाखवत राहतात. नवी जागा डोक्यात ठेवावी लागते. शिवाय बटणांची जागा बदलली तरी कामं तेवढीच उरतात. कंट्रोलर धरणं, वळवणं, वेग आणि ब्रेक हे सगळं एकाच हातावर येतं आणि तो लवकर दमतो.

अशा वेळी कामं शरीरभर वाटून द्यावी लागतात. मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये आणलेल्या एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलरच्या मागे 3.5 मिमीची 19 छिद्रं आहेत, जुन्या इअरफोनच्या पिनेला लागत तशी. प्रत्येक छिद्र म्हणजे कंट्रोलरचं एक बटण. आपल्या खेळाडूने वेगाच्या छिद्रात एक स्विच जोडून तो डाव्या पावलाखाली ठेवायचा, ब्रेकचा स्विच डाव्या गुडघ्याशेजारी बांधायचा. साधा कंट्रोलर मांडीवर राहतो. एक्सबॉक्सच्या, आधी 'कोपायलट' म्हटल्या जाणाऱ्या सोयीमुळे दोन्ही कंट्रोलर मिळून एकच खेळाडू मानला जातो.

स्विचच्या आत काही गूढ नाही. दाबलं की दोन तारा जुळतात, सोडलं की सुटतात. दारावरच्या घंटीचं कोरं बटण विकत आणून त्याला मोनो पिनेची तार जोडली, तरी तेच काम होतं. (भिंतीतलं, विजेला जोडलेलं बटण मात्र चालणार नाही.)

अडचण येते ती इथेच. ट्रिगर थोडा दाबला तर गाडी हळू जाते. स्विचला 'थोडा' कळत नाही. तो एकतर पूर्ण वेग देतो, नाहीतर काहीच नाही. वळणावर मागची चाकं घसरून गाडी गरगरली, तर दोष बहुधा याचाच असतो. गेममधलं ट्रॅक्शन कंट्रोल सुरू केलं की घसरणं आवरतं आणि पाऊल मधूनमधून उचलत वेग सांभाळता येतो.

मांडणी जमली की नाही, हे अर्ध्या तासाने शरीरच सांगतं. पाऊल स्विच शोधत सरकत असेल, तर खाली वेल्क्रो लावून तो पक्का करायचा. न दाबता ब्रेक लागत असेल, तर स्विच गुडघ्यापासून दोन बोटं लांब न्यायचा आणि पुन्हा एक फेरी मारून बघायची.