पत्राआधी बारा चौकोन

माझा वाढदिवस जुलैत येतो, बदलापूरच्या बेलवलीत पाऊस कोसळत असताना. गेली सहा वर्षं त्या दिवशी मी स्वतःला पत्र लिहिते. पहिली दोन फसली. वर्षाचा आढावा म्हणून जे उतरलं ते सगळं जून-जुलैचंच होतं: तुंबलेलं पाणी, रखडलेल्या लोकल, ताप. ताज्या आठवणी जुन्यांना झाकून टाकतात. म्हणून आता पत्राआधी कागदावर बारा चौकोन आखते, मागच्या वाढदिवसापासून या वाढदिवसापर्यंतचे.

प्रत्येक चौकोनात घडलेल्या दोन-तीन गोष्टी लिहायच्या, त्यांवरचं मत नाही. आणि त्या आठवायच्या नाहीत, शोधायच्या. मोबाइलमधले फोटो, बँकेचं पासबुक आणि दुधाचे खाडे मांडलेलं भिंतीवरचं कॅलेंडर एवढं पुरतं. गेल्या वर्षी मला वाटत होतं, सगळं वर्ष आईच्या आजारपणात गेलं. कॅलेंडर उलटलं तर दवाखान्याच्या खेपा ऑक्टोबर ते डिसेंबर एवढ्याच. फेब्रुवारीच्या फोटोत आम्ही दोघी अंबरनाथच्या शिवमंदिरात, आई पायरीवर बसून चणे खातेय. ते मी साफ विसरले होते. त्या चौकोनापाशी मी बराच वेळ थांबले.

मग पत्र. मायना 'प्रिय' आणि पुढे स्वतःचं नाव. मजकुरात 'मी' नाही, 'तू'. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की स्वतःशी नावाने किंवा 'तू' म्हणून बोललं की ताणाच्या प्रसंगाकडे थोडं लांबून पाहता येतं. पण 'तू'मध्ये दटावणीही पटकन शिरते. लिहून झालं की मोठ्याने वाचते आणि 'करायला हवं होतंस' किती वेळा आलं ते मोजते. धाकट्या बहिणीला जे वाक्य पाठवलं नसतं, ते खोडते.

पुढच्या वर्षासाठी दोनच गोष्टी लिहिते, आणि कधी, कुठे करायच्या तेही. पूर्वी 'रोज नदीच्या दिशेने चालायला जाईन' असं लिहिलं होतं. पुढच्याच सरीला ते मोडलं आणि एकदा 'रोज' मोडल्यावर पुढे सगळंच सुटलं. आता लिहिलंय: 'मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी स्टेशनवरून येताना रिक्षा करायची नाही, चालत यायचं. पाऊस असेल तर रिक्षा, आणि त्याची भरपाई नाही.' पावसाची सूट आधीच दिलेली असल्याने खाडा पडला तरी मोडल्यासारखं वाटत नाही.

पत्र बॉलपेनने लिहावं. जेलपेनची शाई ओल लागली की पसरते, आणि २००५च्या जुलैतल्या पुरानंतर बदलापुरात कागद कोरडा राहील असं कोणी गृहीत धरत नाही. पाकिटावर उघडायची तारीख घालून ते प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या फायलीत ठेवते. मागच्या वर्षीचं पाकीटही तिथेच असतं. ते मात्र नवं पत्र बंद केल्यावरच फोडायचं, आधी फोडलं तर नवं पत्र जुन्याला दिलेलं उत्तर होऊन बसतं.