डायपर का गळतो, ते वजनकाटा सांगतो

रात्री नऊला कोरडा डायपर घालून झोपवलेलं बाळ पहाटे तीनला रडत उठतं. झबलं ओलं, दुपटं ओलं, खालची चादरही ओली. दुसऱ्या दिवशी घरात बहुतेकदा एकच ठराव होतो: हा डायपर बंद, महागातला आणा. चार रात्रींत महागातलाही गळतो. याचं कारण असं, की डायपर दोन निराळ्या कारणांनी गळतो. कधी तो खरोखर काठोकाठ भरलेला असतो, तर कधी अर्धा कोरडा असतानाच शू बाजूने वाट काढते. जास्त शोषणारा डायपर पहिल्या वेळी उपयोगी पडतो. दुसऱ्या वेळी पैसे वाया जातात.

यातलं कोणतं घडतंय, हे ओळखायला स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल वजनकाटा पुरतो. कोरड्या डायपरचं वजन करून ठेवायचं आणि रात्री काढलेल्या ओल्या डायपरचं पिशवीत घालून करायचं. दोन्हींतला फरक जितके ग्रॅम, साधारण तितके मिलिलिटर शू आत धरलेली असते. बाळाला तासाला दर किलो वजनामागे साधारण एक ते तीन मिलिलिटर शू होते. म्हणजे साडेनऊ किलोच्या बाळाची नऊ तासांच्या रात्रीत पावणेदोनशे मिलिलिटरच्या आसपास, कधी त्याहून बरीच जास्त.

समजा, हे बाळ दहा महिन्यांचा मुलगा आहे आणि पाकिटावर ७ ते १२ किलो लिहिलेला एम साइजचा डायपर घालतो. कोरडा डायपर ३० ग्रॅमचा. पहाटे तीनला झबलं बेंबीपाशी ओलं झालं, तेव्हा डायपर १५० ग्रॅम भरला. आत फक्त १२० मिलिलिटर. हाताने चाचपलं, तर पुढचा भाग फुगलेला आणि मागचा जवळजवळ कोरडा. म्हणजे डायपर कमी पडलेला नाही, शूची धार चुकीच्या दिशेला गेली आहे. मुलाची शूची जागा वर वळलेली राहिली की धार कमरपट्ट्याकडे जाते. डायपर घालताना ती खाली वळवायची आणि पट्टा बेंबीच्या जरा खाली, पुढे-मागे सारख्या उंचीवर ठेवायचा. मुलींचं ओलं बहुधा खाली आणि मागे सापडतं. कुशीवर झोपणाऱ्या बाळाचं ज्या कुशीवर ते झोपलं त्या बाजूला. मांडीपाशी ओलं असेल, तर तिथली दुहेरी झालर आधी पाहावी. ती आत दुमडलेली राहिली, तर बांधच फुटल्यासारखं होतं. म्हणून डायपर घातल्यावर दोन्ही मांड्यांभोवती बोट फिरवून झालर बाहेर काढायची.

आता समजा, हे सगळं केल्यावर पहाट कोरडी गेली, पण साडेपाचला मांड्यांपाशी ओल आली. वजन २४० ग्रॅम, म्हणजे आत २१० मिलिलिटर, आणि पुढून मागपर्यंत सगळी गादी फुगलेली. हा भरलेला डायपर. आत सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे दाणे असतात, ते पाणी पिऊन जेलीसारखे फुगतात. साध्या पाण्यापेक्षा खारट शू ते बरीच कमी शोषतात आणि बाळाचं वजन वर पडलं की आणखी कमी. इथे शोषणशक्ती वाढवायला हवी. एल साइज अनेक पाकिटांवर ९ ते १४ किलोचा असतो, म्हणजे साडेनऊ किलोचं बाळ दोन्ही साइजमध्ये बसतं. दिवसा एम आणि रात्री एल, हा सोपा मार्ग. मोठ्या साइजमध्ये शोषणारा माल जास्त असतो. मात्र मांडीपाशी फट राहत असेल, तर मोठा डायपर उलट जास्त गळेल. अशा वेळी त्याच साइजचा रात्रीसाठीचा जाड डायपर घ्यावा किंवा आत जादा पॅड घालावं. कापडी डायपर वापरत असाल, तर मायक्रोफायबरचं पॅड दाबलं की पाणी सोडतं. रात्री सुती किंवा हेम्पच्या पॅडचा थर जास्त टिकतो. शू कमी व्हावी म्हणून रात्रीचं दूध मात्र कमी करू नये.

रॅशचं गणित थोडं वेगळं आहे. नुसत्या शूने त्वचा ओली राहून मऊ पडते आणि घासली की सोलवटते. खरं नुकसान शू आणि शी एकत्र आली की होतं. शीतल्या जंतूंमुळे शूमधल्या युरियाचा अमोनिया होतो, त्वचेचा आम्लपणा जातो आणि शीतली पाचक रसायनं त्वचेलाच झोंबू लागतात. म्हणून रात्रीचा नियम असा: शी झाली असेल, तर लगेच बदलायचं. नुसती शू असेल, डायपर भरलेला नसेल आणि त्वचा निरोगी असेल, तर झोपलेल्या बाळाला हात लावायची गरज नाही. रॅश असेल, तर मात्र रात्री एकदा बदलणं बरं. झोपवताना कोरड्या त्वचेवर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा थर द्यावा. बदलताना तो खरवडून काढायचा नाही, मळलेला वरचा भाग टिपून पुन्हा थर द्यायचा. पावडर टाळावी, ती बाळाच्या श्वासात जाते.

बदलायचंच असेल, तर सगळी तयारी झोपण्यापूर्वी करून ठेवावी: उघडलेला डायपर, कोमट पाण्यात भिजवता येईल असा कापूस, मलम, कोरडं झबलं. रात्री चिकटपट्टीचा डायपर बरा पडतो. पँटसारखा डायपर बाजूने फाडून काढता येतो, पण नवा घालताना दोन्ही पाय ओवावे लागतात. दिवा मंद, तोही बाळाच्या डोळ्यांवर नको. रात्री दूध पिणाऱ्या बाळाला एका बाजूचं पिऊन झाल्यावर बदलावं आणि मग दुसरी बाजू द्यावी. बदलताना डोळे उघडले, तरी दूध पिता पिता ते परत मिटतात. बाळाचं वरचं अंग पांघरलेलं राहू द्या. पाय उचलण्याऐवजी त्याला हलकेच कुशीवर वळवा, म्हणजे पोटातलं दूधही वर येत नाही. जुना उघडण्याआधीच नवा डायपर खाली सरकवा. ओला कापूस आधी तळहातात धरून कोमट करा. गार स्पर्शानेच बाळ दचकतं. झालं की पुन्हा उताणं झोपवा. बोलणं, गाणं, डोळ्यांत पाहून हसणं सकाळसाठी ठेवा.

दोन-तीन दिवसांत रॅश ओसरला नाही, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावं. साधा रॅश फुगीर भागावर असतो, जांघेच्या घड्या त्यातून सुटतात. घड्यांमध्येच लालभडक चट्टा आणि भोवती सुटे लाल ठिपके दिसले, तर बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता मोठी. त्याला वेगळं मलम लागतं. पाणी भरलेले फोड, पू किंवा ताप असेल, तर थांबूच नये. मेडिकलच्या दुकानातून विचारून आणलेलं ‘सगळ्यावर चालणारं’ मलम लावू नये. अशा मिश्रणात अनेकदा स्टिरॉइड असतं आणि डायपरखाली झाकलेल्या नाजूक त्वचेतून ते जास्त प्रमाणात अंगात शोषलं जातं.