दोन बस, न पटणाऱ्या जोड्या आणि निम्म्याची हमी

शाळेची सहल निघायची आहे. दोन एसटी ठरल्या आहेत आणि वर्गाच्या बाईंच्या हातात मुलांची यादी आहे. यादीच्या कडेला त्यांनी पेन्सिलीने जोड्या लिहून ठेवल्या आहेत: याचं त्याच्याशी पटत नाही, ही आणि ती एकत्र आल्या की रडारड ठरलेली. बाईंना एवढंच हवं आहे की अशा जोड्यांपैकी जास्तीत जास्त जोड्या फुटाव्यात, म्हणजे जोडीतलं एक मूल या बसमध्ये आणि दुसरं त्या बसमध्ये. दोन्ही बस मोठ्या आहेत, त्यामुळे कुठल्या बसमध्ये किती मुलं बसली याची चिंता नाही.

मुलांच्या जागी ठिपके काढा आणि न पटणाऱ्या दोघांना रेघेने जोडा. ठिपक्यांच्या आणि रेघांच्या अशा चित्राला गणितात आलेख म्हणतात. ठिपक्यांचे दोन गट पाडायचे आणि एका गटातून दुसऱ्या गटात जाणाऱ्या रेघा शक्य तितक्या जास्त ठेवायच्या, या प्रश्नाला ‘मॅक्स कट’ किंवा महत्तम छेद म्हणतात. चिपमधल्या तारा दोन थरांत कशा वाटायच्या हे ठरवतानाही हाच प्रश्न समोर येतो.

सगळ्याच्या सगळ्या जोड्या फोडता येतील का, हे शोधणं अगदी सोपं आहे. एका मुलाला पहिल्या बसमध्ये बसवा. त्याचं ज्यांच्याशी पटत नाही ते सगळे दुसऱ्या बसमध्ये जातील, त्यांचं ज्यांच्याशी पटत नाही ते पुन्हा पहिल्या बसमध्ये येतील. असं करत गेलं की एकतर सगळं सुरळीत बसतं, नाहीतर कुठेतरी अडतं. तीन मुलांचं आपसांत पटत नसेल तर अडणारच, कारण बस दोन आणि मुलं तीन, म्हणजे कुणीतरी दोघं एकत्र येणार. खरी अडचण इथून पुढे सुरू होते. सगळ्या जोड्या फुटत नाहीत हे कळलं, मग जास्तीत जास्त किती फुटतील?

सगळ्या वाटण्या तपासून पाहू म्हटलं, तर हिशेब असा होतो. ४० मुलांना दोन बसमध्ये वाटण्याचे सुमारे ५५ हजार कोटी प्रकार आहेत. सेकंदाला १० लाख प्रकार तपासणाऱ्या संगणकाला त्यासाठी सहा दिवसांहून थोडा जास्त वेळ लागेल, म्हणजे अजून आटोक्यात आहे. पण मुलं ६० झाली की त्याच संगणकाला सुमारे १८ हजार वर्षं लागतील. एकेक मूल वाढलं की काम दुप्पट होतं. यापेक्षा हुशार रीत असेल असं वाटणं साहजिक आहे. पण रिचर्ड कार्प यांनी १९७२ साली २१ अवघड प्रश्नांची जी प्रसिद्ध यादी दिली, तिच्यात महत्तम छेदही आहे. हे २१ प्रश्न एकमेकांत असे गुंतलेले आहेत की एकाला खात्रीची झटपट रीत सापडली, तर सगळ्यांनाच सापडेल. आजवर ती कुणालाही सापडलेली नाही.

सर्वोत्तम वाटणीचा हट्ट मात्र सोडला, तर बाई जे सहज करतील तेच कामाला येतं. मुलं कशीही बसवायची. मग एकेका मुलाकडे जाऊन विचारायचं: तुझं ज्यांच्याशी पटत नाही, त्यांच्यातले या बसमध्ये जास्त आहेत की त्या? याच बसमध्ये जास्त असतील तर त्याला उठवून दुसऱ्या बसमध्ये पाठवायचं. बरोबरी असेल किंवा दुसरीकडे जास्त असतील तर बसू द्यायचं. कुणालाही हलवायची गरज उरली नाही की थांबायचं. याला स्थानिक शोध म्हणतात, कारण प्रत्येक वेळी एकाच मुलाच्या आसपास पाहायचं असतं, सगळ्या वर्गाचा विचार करावा लागत नाही.

सहा मुलांवर करून पाहू. क, ख, ग या तिघांचं आपसांत पटत नाही. घ, च, छ यांचंही तसंच. शिवाय क आणि छ, ख आणि च, ग आणि घ यांचं वाकडं आहे. एकूण ९ जोड्या झाल्या, आणि प्रत्येक मुलाचं तिघांशी पटत नाही. सुरुवातीला सगळे पहिल्या बसमध्ये आहेत, म्हणजे फुटलेल्या जोड्या शून्य. आधी क ला विचारलं. त्याचे तिघेही याच बसमध्ये, म्हणून तो दुसऱ्या बसमध्ये गेला आणि ३ जोड्या फुटल्या. मग ख. तिच्या तिघांपैकी क पलीकडे गेलेला, पण ग आणि च इथेच. दोनास एक, म्हणून तीही गेली. क बरोबरची फुटलेली एक जोडी परत जुळली, दोन नव्या फुटल्या, फुटलेल्या जोड्या ४ झाल्या. ग चे दोघं पलीकडे आणि एकच इथे, म्हणून तो बसून राहिला. घ चे मात्र तिघेही इथे, म्हणून ती गेली आणि आकडा ७ वर पोहोचला. आता च ला विचारा, छ ला विचारा, पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांना विचारा. कुणीच हलत नाही. तीन वेळा उठबस झाली आणि ९ पैकी ७ जोड्या फुटल्या. याहून जास्त शक्यच नव्हत्या, कारण क-ख-ग या तिकडीतली एक जोडी आणि घ-च-छ या तिकडीतली एक जोडी एकत्र राहणारच.

इथे नशिबाने सर्वोत्तम उत्तर मिळालं. दर वेळी ते मिळेल असं नाही, पण निम्म्या जोड्या तरी फुटतीलच याची हमी आहे, आणि तिची सिद्धता इतकी लहान आहे की चहा पिता पिता सांगता येते.

पहिला मुद्दा: ही उठबस कधीतरी थांबते का? की मुलं रात्रभर या बसमधून त्या बसमध्ये फिरत राहतील? मूल हलतं तेव्हा त्याच्या ज्या जोड्या फुटल्या होत्या त्या जुळतात आणि ज्या एकत्र होत्या त्या फुटतात. आपण त्याला तेव्हाच हलवतो, जेव्हा एकत्र असलेल्या जोड्या जास्त असतात. म्हणून प्रत्येक हालचालीत फुटलेल्या जोड्यांचा एकूण आकडा किमान एकाने वाढतो. हा आकडा शून्याच्या खाली कधी नव्हता आणि एकूण जोड्यांच्या वर कधी जाणार नाही. म्हणजे जितक्या जोड्या, फार तर तितक्याच हालचाली. ६० मुलांत प्रत्येकाचं प्रत्येकाशी वाकडं असलं तरी जोड्या १७७०. कुठे १८ हजार वर्षं आणि कुठे १७७० हालचाली!

दुसरा मुद्दा: थांबलो तेव्हा काय हाती आलं? थांबलो याचा अर्थ प्रत्येक मूल जागेवर समाधानी आहे, म्हणजे त्याच्या जोड्यांपैकी निम्म्या किंवा जास्त फुटलेल्या आहेत. आता प्रत्येक मुलाला त्याच्या एकूण जोड्या आणि फुटलेल्या जोड्या विचारा, आणि दोन्हींच्या वेगवेगळ्या बेरजा करा. फुटलेल्यांची बेरीज एकूण बेरजेच्या निम्म्याहून कमी असू शकत नाही, कारण प्रत्येक मुलाचं उत्तरच तसं आहे. या बेरजांत प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली, दोघांपैकी प्रत्येकाने एकदा सांगितली म्हणून. पण फुटलेली जोडीही दोनदाच मोजली गेली. दोन्ही बेरजांना दोनाने भागलं की उरतं एवढंच: फुटलेल्या जोड्या एकूण जोड्यांच्या निम्म्या तरी आहेत. सिद्धता संपली.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की सर्वोत्तम उत्तर किती हे कुणालाही माहीत नसताना हमी देता येते. सर्वोत्तम वाटणीतही सगळ्या जोड्यांहून जास्त फुटणार नाहीत, म्हणून आपली वाटणी तिच्या निम्म्याच्या खाली कधीच जात नाही.

एक चूक मात्र करायची नाही: दोघांना एकाच वेळी हलवायचं नाही. सगळे पहिल्या बसमध्ये असताना ‘ज्यांना हलायचं आहे ते सगळे उठा’ असं बाईंनी म्हटलं, तर सगळा वर्ग दुसऱ्या बसमध्ये जाऊन बसेल आणि एकही जोडी फुटणार नाही. पुन्हा तेच सांगितलं तर सगळे परत येतील. आकडा वाढत नाही असं दिसलं की समजावं, प्रत्येक हालचालीनंतर नव्याने मोजायचं राहून गेलं. एक मूल हलवायचं, मोजायचं, मगच दुसऱ्याकडे वळायचं.

रीत निम्म्यावर अडकते तेही पाहण्यासारखं आहे. चार मुलं चौकोनाच्या कोपऱ्यांवर उभी करा, प्रत्येकाचं फक्त शेजारच्या दोघांशी पटत नाही. समोरासमोरचे एका बसमध्ये बसवले तर चारही जोड्या फुटतात. पण सुरुवातीलाच शेजारशेजारचे दोघं एका बसमध्ये आणि उरलेले दोघं दुसऱ्या बसमध्ये बसले असतील, तर प्रत्येकाचा एक इथे आणि एक तिथे. बरोबरी. कुणी हलत नाही आणि आपण ४ पैकी २ वर अडकून बसतो. याच चौघांना एकाच बसमधून सुरुवात करून दिली असती, तर चारही जोड्या फुटल्या असत्या. म्हणून वेगवेगळ्या सुरुवाती करून त्यांतली चांगली वाटणी निवडणं शहाणपणाचं.

एकूण जोड्यांच्या तुलनेत निम्म्याहून फार वरची हमी मात्र कुठलीच रीत देऊ शकत नाही. १०० मुलांपैकी प्रत्येकाचं प्रत्येकाशी वाकडं असेल तर जोड्या ४९५०, आणि ५०-५० अशी सर्वोत्तम वाटणी केली तरी फुटतात २५००.

सर्वोत्तमाच्या तुलनेत मात्र पुढे जाता येतं. १९७० च्या दशकापासून जवळपास वीस वर्षं सिद्ध झालेली हमी निम्म्याच्या आसपासच होती. मग मिशेल गोमन्स आणि डेव्हिड विल्यमसन यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर वेगळीच वाट काढली. त्यांनी प्रत्येक ठिपक्याला अनेक मितींच्या गोलावर जागा दिली, जोडीतले ठिपके शक्य तितके लांब ठेवले आणि मग एका सपाट पातळीने गोल मधोमध कापला. त्यातून सरासरीने सर्वोत्तमाच्या ८७.८ टक्के तरी जोड्या फुटतात.

त्यावर जाता येईल का, या प्रश्नाची वाट थेट इचलकरंजीत जाते. तिथे वाढलेल्या सुभाष खोत यांनी २००२ साली ‘युनिक गेम्स’ नावाची अटकळ मांडली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे असं दाखवलं की ती अटकळ खरी असेल, तर ८७.८ टक्क्यांहून चांगली हमी देणारी झटपट रीत शोधणं हे नेमकं उत्तर शोधण्याइतकंच अवघड आहे. खोत यांना २०१४ साली नेवनलिना पारितोषिक मिळालं. अटकळ अजून सिद्ध झालेली नाही, खोटीही ठरलेली नाही.

कागदावर एक पंचकोन काढा, पाच कोपऱ्यांवर पाच नाणी ठेवा, छापा म्हणजे एक बस आणि काटा म्हणजे दुसरी. दोन्ही शेजारी आपल्यासारखेच दिसणारं नाणं सापडलं की ते उलटायचं, एका वेळी एकच. सुरुवात कशीही केलीत तरी थांबाल तेव्हा ५ पैकी ४ जोड्या फुटलेल्या असतील.